ब्लीचने फक्त रंग जातो, कापड तर दगडच खातो

"जीन्स फिकी करताना ब्लीचने फक्त रंग जातो, कापडाची ताकद दगडांनीच जाते ना?"

उलट आहे. प्युमिस दगड वरून घासतो. शिलाईच्या कडा, खिशाचं तोंड, मोहरी झिजते आणि ती झीज डोळ्यांना दिसते. हायपोक्लोराइट ब्लीच, म्हणजे आमचा हायपो, मात्र इंडिगो रंगाबरोबर कापसाच्या सेल्युलोजच्या लांब साखळ्याही तोडतं. कापड वरून धड दिसतं, पण प्रत्येक धागा आतून कमकुवत झालेला असतो.

सांगलीत वॉशिंगला होतो तेव्हा एक लॉट असाच गेला. ब्लीचआधीच्या एन्झाइम वॉशचं पाणी आम्ल असतं, साधारण पाच पीएच. ते काढून साध्या पाण्याने एकदाच खळबळून घेतलं आणि लगेच हायपो सोडला. नेहमी पंधरा मिनिटं लागायची, तिथे सहा मिनिटांत शेड उतरली. सगळे खूश. मी पीएच पेपर बुडवला तर सात! हायपोने कापूस सर्वात जास्त खराब होतो तो याच सातच्या आसपास. म्हणून सोडा घालून बाथ साडेदहा-अकरावर धरायचा, आणि मध्येमध्ये तपासायचा, कारण ब्लीच चालताना पीएच आपोआप खाली येतो. आम्ल जास्त राहिलं असेल तर क्लोरीन वायूही सुटतो, तो धोका वेगळाच. वाळल्यावर त्या पँटी हाताने ओढल्या तर बैठकीपाशी टरकन फाटल्या.

शेवटी थायोसल्फेटने क्लोरीन मारायचा आणि पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद ओल्या कापडावर दाबायचा. निळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे आणि कापड कपाटातही कुजत राहणार.