बांध कोरला आणि मारलं : केस एक की दोन?

"शेजाऱ्याने बांध कोरला, विचारायला गेलो तर मारलं, दोन्हीची मिळून एकच केस होईल ना?"

नाही, दोन वेगळ्या. बांध कुठून जातो हे पोलीस ठरवत नाहीत, त्यामुळे बांधापुरतं पोलिसांनी "कोर्टात जा" म्हणणं बरोबर आहे, पण मारहाणीलाही तेच सांगून परत पाठवणं चूक. आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं होतं. नुसता मुका मार असेल तर पोलीस एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, पण काकांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि फ्रॅक्चर म्हणजे गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 117, तिथे एफआयआर घ्यावाच लागतो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात जा, एक्सरे काढा, मार कसा लागला ते डॉक्टरांना नीट लिहायला सांगा. ही केस सरकार चालवतं, वकीलही सरकारी, आणि गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो.

पण शेजाऱ्याला शिक्षा झाली तरी बांध एक इंचही सरकत नाही! त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, अतिक्रमण दिसलं की तो नकाशा घेऊन स्वतःच्या वकिलामार्फत दिवाणी दावा लावा, ताबा परत मागा आणि दावा चालू असेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूमही मागा. तिथे कुणाची बाजू जास्त संभवनीय वाटते एवढंच बघतात, म्हणून मारहाणीत तो निर्दोष सुटला तरी जमिनीचा दावा तुम्ही जिंकू शकता.