मदत हवी आहे: केंद्रकच नाही, तरी चाळणी नलिका जिवंत का?

सायलीची_आई
लेक बारावीला आहे. काल तिने विचारलं, "पाणी नेणाऱ्या जलवाहिनीच्या पेशी मरून मोकळ्या नळ्या होतात. मग साखर नेणारी चाळणी नलिका जिवंत कशाला? केंद्रक नाही, मोठी रिक्तिका नाही, वर दर पेशीच्या टोकाला भोकांची भिंत. ही तर अडचणच ना?" मला काही सांगता आलं नाही.

रानवारा
सोपं आहे. शेजारची सहपेशी पंप करते. हृदयासारखी साखर पुढे ढकलते.

पानगळ
ढकलत नाही, भरते. अनेक पिकांच्या पानांत सहपेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर टाकते आणि ते आत परतताना सुक्रोजला सोबत आणतात. मग बारीक वाटांनी ती साखर नलिकेत जाते. तिथे साखर दाटली की जलवाहिनीतून पाणी आत ओढलं जातं आणि दाब चढतो, पुष्कळदा गाडीच्या टायरच्या चार-पाच पट. फळात, मुळात साखर उतरते, तिथला दाब पडतो. रस वाहतो तो या फरकामुळे.

आता सायलीचा प्रश्न. मेलेल्या नळीला पेशीपटल नसतं. साखर झिरपून जाईल, दाब टिकणार नाही. म्हणून पटल जिवंत ठेवायचं आणि वाटेतलं सामान काढून टाकायचं. डागडुजीची प्रथिनं सहपेशी पुरवते. दोघी एकाच मातृपेशीतून जन्मलेल्या असतात.

द्राक्षवाला
मणी फुगावेत म्हणून आम्ही खोडाची गोल साल काढतो, गर्डलिंग. एकदा पात्याने लाकडातही चीर गेली, वेल सुकला. साखर अडली म्हणून का?

पानगळ
नाही, पाणी तुटलं म्हणून. फ्लोएम, म्हणजे साखर नेणाऱ्या नळ्यांचा थर, सालीत असतं. फक्त साल काढली तर साखर वरच अडते आणि घडांना मिळते. जखम भरेपर्यंत मुळं मात्र उपाशी. लाकूड चिरलं की जलवाहिन्याच कापल्या जातात.

सायलीची_आई
आणि ती भोकांची भिंत? पुस्तकातल्या चित्रात तर भोकं बुजलेलीच दिसतात.

पानगळ
त्या चित्रांनी बऱ्याच जणांना चकवलंय. देठ कापला की दाब एकदम सुटतो, आतली प्रथिनं भोकांवर आदळतात आणि नंतर कॅलोज नावाचा भोकं बुजवणारा पदार्थ साचतो. म्हणजे दिसते ती कापल्यानंतरची अवस्था. उलट मावा किडा सोंड खुपसतो तेव्हा नळी बहुधा बुजत नाही. रस पीत असताना किडा कापून काढला, तर उरलेल्या सोंडेतून तासन्‌तास रस ठिबकतो. तो दाबानेच.

रानवारा
म्हणजे भिंत बूच मारायला!

पानगळ
निदान तेवढं कळतं. पण एरवी ती रस अडवतेच, हे सायलीचं म्हणणं खरं आहे. उंच झाडात अशा हजारो भिंती ओलांडायला एवढा दाब पुरतो का, यावर अजून वाद आहे.

द्राक्षवाला
माझा वेल मग परत फुटेल का?