मदत हवी आहे: सहा जणांचं सलून, पीएफ-विमा-रजा-बोनस महिन्याला १२ हजारांत बसेल का?

कात्रीवाली: सलूनमध्ये सहा जण आहेत. दिवाळीनंतर दोघी मोठ्या पार्लरला जायच्या बेतात आहेत, तिकडे पीएफ आहे म्हणून. मी महिन्याला जास्तीत जास्त १२ हजार बाजूला काढू शकते. काय काय देता येईल? लवकर सांगा, सोमवारी बोलायचंय त्यांच्याशी.

जमाखर्च: पगार किती, कमिशन वेगळं का, आधी कुणाचा पीएफ कापला जायचा का, आणि राज्य कुठलं? याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

नाना_सातारकर: वीसपेक्षा कमी माणसं म्हणजे पीएफ लागूच होत नाही. विषय संपला. दिवाळीला पाकीट द्या.

जमाखर्च: नाना, सक्ती नाही एवढंच. बहुसंख्य कर्मचारी तयार असतील तर मालकाला स्वेच्छेने नोंदणी करता येते. वीसपेक्षा कमी माणसं असली की दरही १२ ऐवजी १० टक्के.

कात्रीवाली: महाराष्ट्र. दोघी २० हजारवाल्या, तिघी १५, हेल्पर १३. कमिशन वेगळं. जुन्या पीएफचं माहीत नाही, विचारलं नाही.

जमाखर्च: तेच विचारायचं होतं. नोकरीला लागताना पगार १५ हजारांच्या वर आणि आधी कधीच पीएफ नसेल, तर त्या दोघींना बाहेर ठेवता येतं. राहिले चौघे, पगार ५८ हजार. तुमचा वाटा ५,८००, विम्याचे (ईडीएलआय) २९० आणि प्रशासन शुल्क ५००. शुल्क खरं तर अर्धा टक्का, पण महिन्याला किमान ५०० घेतातच. लहान दुकानाला तेच बोचतं. एकूण ६,५९०.

आता जे तुम्ही धरलेलं नाही ते. तेवढेच १० टक्के त्यांच्या पगारातूनही कापले जाणार. १५ हजारवालीच्या हातात १३,५०० पडतील. सोमवारी आधी हे सांगा, नाहीतर पहिल्याच पगाराला "ताई, पैसे कमी का?" ऐकावं लागेल. तुमचा वाटा मात्र त्यांच्या पगारातून वळता करू नका, कायद्यात बसत नाही.

हॉटेलवाला_बाबू: आमच्याकडे २३ पोरं, ईएसआय पण भरतो. दवाखान्याची कटकट मिटते. तुम्हीही घ्या.

जमाखर्च: बाबूशेठ, त्याची सक्ती दहा माणसांपासून. यांचे सहा.

स्मिता_विमा: मग प्रत्येकीच्या बँक खात्यातून जीवनज्योती ४३६ आणि सुरक्षा विमा २० रुपये, वर्षाला. सहा जणींचे २,७३६, म्हणजे महिन्याला २२८. जीवनज्योतीला वय १८ ते ५० असावं लागतं. दोन्हींत दोन-दोन लाखांचं कवच. पहिलं कुठल्याही मृत्यूवर, दुसरं अपघातावर. आजारपणाचा खर्च यात नाही, तसं भासवू नका. मेच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात. खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मेच्या सुरुवातीलाच ४५६ वेगळे टाका, जूनमध्ये पासबुक बघा.

नाना_सातारकर: एवढ्या भानगडीपेक्षा पगार हजाराने वाढवा ना. पोरी खूश.

जमाखर्च: नाना, ज्या पीएफसाठी निघाल्यात त्या हजाराने थांबतील का? तुमचा भानगडीचा मुद्दा मात्र बरोबर आहे: पीएफ एकदा घेतला की श्रावणातल्या मंदीतही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावाच लागतो. उशीर झाला की १२ टक्के दराने व्याज, वर दंड वेगळा.

तर हिशेब: १२,००० वजा ६,५९० वजा २२८, राहिले ५,१८२. बारा महिन्यांचे ६२,१८४. तुमचा एका दिवसाचा एकूण पगार साधारण ३,२६७, म्हणजे दिवाळीला सर्वांना १९ दिवसांचा बोनस. पूर्ण महिना कबूल करू नका. दिवाळीआधी कुणी सोडून गेलं तर किती द्यायचं, तेही आताच कागदावर घ्या. वाद तिथेच होतात.

स्मिता_विमा: रजेचं राहिलं.

जमाखर्च: इतक्या कमी माणसांना दुकाने कायद्यातलं रजेचं कलम लागू नाही. तरी मोजमाप तेच घ्या: दर २० दिवस कामामागे एक, वर्षाला साधारण १५. रजेचा पगार ठरलेल्या पगारावर, कमिशन नाही. एका वेळी एकच जण, आणि शनिवार-रविवार व लग्नसराईत नाही. यात वेगळी रक्कम जात नाही, एक खुर्ची रिकामी राहते.

केसरी_८: ताई, केराटिनच्या धुराने डोळे चुरचुरतात, त्याला मास्क कुठला चांगला?

कात्रीवाली: तो वेगळा धागा काढा हो. जमाखर्च, आत्ता विचारलं. २० हजारवाल्यांपैकी एकीचा जुना पीएफ नंबर आहे, खात्यात पैसेही आहेत. आता?

जमाखर्च: मग तिला बाहेर ठेवता येणार नाही. १५ हजारांवर धरा, तुमचे महिन्याला १,५७५ वाढले. बोनस १३ दिवसांवर येतो.

नाना_सातारकर: म्हणजे एकीसाठी पाच जणींच्या दिवाळीला कात्री?

कात्रीवाली: तीच तर निघालीये ना नाना.