मदत हवी आहे: वडील (माजी सैनिक) गेले, आईसाठी सैनिक कल्याण कार्यालयाला अर्ज कसा लिहू?

माणदेशी_पोर
वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, गेल्या महिन्यात वारले. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून यायची. आईच्या नावाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला असं लिहिलंय: "माझ्या पतीने देशसेवा केली. मला कोणाचाही आधार नाही. तरी सर्व सवलती मिळाव्यात ही नम्र विनंती." एवढं पुरेल का? डिस्चार्ज बुकात आईचं नाव सिंधू आहे, आधारवर सिंधुबाई. घटस्फोटित बहीण आमच्याकडेच असते, तिचंही लिहू का?

बापूराव_क
काही नाही, अर्ज टाका, पेन्शन तेच सुरू करून देतात. नावासाठी प्रतिज्ञापत्र जोडलं की झालं.

रेकॉर्ड_क्लार्क
बापूराव, पेन्शन ते मंजूर करत नाहीत. मृत्यूची नोंद 'स्पर्श'वर करावी लागते. जिल्हा कार्यालय त्यात मदत करतं, विधवा ओळखपत्र देतं आणि कागद पुढे पाठवतं. नाव दुरुस्त होतं ते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात. प्रतिज्ञापत्र लागतंच, पण त्या एकट्यावर काम होत नाही.

आधी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडून बघा, त्यावर आईचं नाव कसं छापलंय ते. तिथेही सिंधूच असेल तर दुरुस्ती आत्ताच मागा. "सर्व सवलती" वाचून समोरचा बाबू कोणत्या फाइलला कागद लावणार? असं लिहा:

"माझे पती माजी हवालदार …, सेना क्रमांक …, पीपीओ क्रमांक …, हे दि. … रोजी मृत्यू पावले. डिस्चार्ज बुकात माझे नाव 'सिंधू' व आधारवर 'सिंधुबाई' आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. तरी दुरुस्तीचा प्रस्ताव अभिलेख कार्यालयास पाठवावा व मला विधवा ओळखपत्र द्यावे."

सही किंवा अंगठा आईचाच, तुमचा नाही. पोच घ्यायला विसरू नका. बहिणीचं या अर्जात नको. आई आहे तोवर पेन्शन आईची.

सांगलीकर७१
आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. आजीला यातून काही मिळेल का?

रेकॉर्ड_क्लार्क
तो विषय वेगळा, नवा धागा काढा.

माणदेशी_पोर
पीपीओवर सिंधूच आहे. बहिणीचं मग कधी? तिच्या घटस्फोटाचा निकाल वडील असतानाच लागलाय.

रेकॉर्ड_क्लार्क
ते बरं झालं, कारण आईवडिलांच्या हयातीत निदान दावा दाखल झालेला असावा लागतो. शिवाय ती आईवर अवलंबून असल्याचं पुढे दाखवावं लागेल. निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

माणदेशी_पोर
अजून एक. वडील गेल्यावरही खात्यात एक पेन्शन पडली. भावाने तेराव्यासाठी एटीएममधून काढली.

रेकॉर्ड_क्लार्क
मृत्यूनंतरच्या दिवसांचे पैसे परत धरतात. ती रक्कम खात्यात भरून पावती ठेवा. मृत्यूची नोंद झालीच नाही तर असे हप्ते पडत राहतील.

माणदेशी_पोर
भाऊ म्हणतो, नोंद दिवस घातल्यावर करू.

बापूराव_क
भावाला धागा वाचायला द्या.