मदत हवी आहे: इंग्रजीतली वकिलाची नोटीस बाबांना मराठीत समजवायची आहे, कायद्याचे शब्द न बदलता

वैतागलेला_मुलगा:
नोटीस आलीये, दोन पानं, सगळी इंग्रजीत. बाबांना इंग्रजी येत नाही आणि माझं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतं. शेजारच्या पोराने मराठी करून दिली तर त्यात 'धनादेशाचा अपमान झाला' असं लिहिलंय आणि बाबा कालपासून विचारतायत मी कुणाचा अपमान केला. शिवाय 'तुम्हाला बोलावण्यात येत आहे' असं वाचून ते वकिलाच्या ऑफिसला जायला निघाले होते, कसंबसं थांबवलं. मला असं मराठी हवंय की बाबांना कळेल पण कायद्याचा अर्थ हलणार नाही. लवकर सांगा प्लीज, दिवस चाललेत.

चहाटळ:
कशाची नोटीस ते सांगाल की आम्ही पंचांग बघायचं?

वाडेकरी_वैताग:
सेम माझ्याबरोबर झालं. घरमालकाने नोटीस पाठवली, मी उत्तरच दिलं नाही, काही झालं नाही. या नोटिसा नुसत्या घाबरवायला असतात. कपाटात ठेवा आणि विसरा.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
वाडेकरी, तुमची गोष्ट वेगळी, कृपया असा सल्ला देऊ नका. मूळ लेखक, 'धनादेश' म्हणताय म्हणजे चेक परत गेल्याची, कलम 138 ची नोटीस दिसते. हो ना? मग तीन गोष्टी सांगा. नोटिशीवर तारीख काय, तुमच्या हातात कधी पडली, आणि चेक कशाबद्दल दिला होता. भाषांतर नंतर बघू.

वैतागलेला_मुलगा:
हो 138 च आहे, मला वाटलं ते कळेलच. नोटिशीवर तारीख 28 आहे, 15 दिवस दिलेत म्हणजे 13 पर्यंत, आज 9, म्हणून घाई आहे. चेक 3 लाखांचा.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
हातात कधी पडली ते अजून सांगितलं नाहीत. पहिली चूक तिथेच होतेय. 15 दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून नाही, मिळाल्यापासून मोजतात. तुमच्या कागदावर 'विदिन फिफ्टीन डेज ऑफ द रिसीट' असं असणार, त्यातला 'रिसीट' म्हणजे पावती नाही, हातात पडणं.

वैतागलेला_मुलगा:
बरोबर, पोराने 'पावतीच्या 15 दिवसांत' असं केलंय आणि बाबा पावती शोधत बसलेत!! नोटीस 3 तारखेला रजिस्टर पोस्टाने आली, बाबांनी सही करून घेतली.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
मग मिळाल्याचा दिवस सोडून मोजा, 18 पर्यंत मुदत आहे. पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का लागतो. तोवर पैसे दिले नाहीत तर समोरच्याला तिथून पुढे एक महिना मिळतो मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायला.

आता शब्द. 'डिसऑनर' म्हणजे चेक न वटता परत आला, इथे मान-अपमानाचा संबंध नाही. 'कॉल अपॉन यू टू पे' म्हणजे पैसे देण्याची मागणी करतो, कुठे यायला सांगत नाहीयेत. शेवटाकडे 'फेलिंग विच' असेल, ते 'तसं न केल्यास'. मराठी करताना नोटिशीतले परिच्छेदांचे आकडे तसेच ठेवा, कायद्याचा शब्द जसाच्या तसा लिहा आणि खाली बाबांच्या भाषेत एक ओळ. उत्तर वकील परिच्छेदवार देतो, बाबांनी 'चौथ्यातलं खोटं आहे' म्हटलं तर दोघांचं चौथं एकच पाहिजे.

शुद्धलेखन_प्रेमी:
जसाच्या तसा कशाला? मराठीत शब्द आहेत. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश बघा. डिसऑनरला अनादर, 'विदाउट प्रेज्युडिस'ला बाध न येता. आपणच आपली भाषा वापरली नाही तर

चहाटळ:
'अनादर' वाचून बाबा परत माफी मागायला निघतील 😄

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
कोश चांगलाच आहे, मी स्वतः वापरायचो. 'विदाउट प्रेज्युडिस' बहुतेक लोक 'पूर्वग्रह न ठेवता' करतात ते साफ चूक, तिथे कोशाचं बरोबर आहे, म्हणजे ही नोटीस दिल्याने आमचे बाकीचे हक्क जात नाहीत. पण माणसाला समजवताना 'चेक परत आला' हेच म्हणा, बँकेत कुणी 'अनादर झाला' म्हणत नाही.

वैतागलेला_मुलगा:
एक वाक्य अजून अडलंय. परिच्छेद 3 मध्ये 'टुवर्ड्स डिस्चार्ज ऑफ युअर लीगली एन्फोर्सेबल डेट'. पोराने 'तुमच्या कायदेशीर कर्जातून मुक्त करण्यासाठी' केलंय, बाबा म्हणतात बघ, मुक्तच करतायत.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
उलटं आहे. ते म्हणतायत की तुमच्या बाबांनी हा चेक कोर्टातून वसूल करता येईल अशा देण्याच्या फेडीसाठी दिला. अख्खी नोटीस या ओळीवर उभी आहे. बाबांना एवढंच विचारा, चेक बँकेत टाकला त्या दिवशी खरंच 3 लाख देणं होतं का?

वैतागलेला_मुलगा:
नाही ना! बाबांनी 3 लाख हातउसने घेतले, तेव्हाच चेक दिला, नंतर 1 लाख 20 हजार उसने देणाऱ्याच्या खात्यात ट्रान्स्फर केलेत. हे नोटिशीत कुठेच नाही.

चहाटळ:
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय.

हिशोबी_काकू:
मग सोपंय, 1 लाख 80 हजार 18 च्या आत देऊन टाका, विषय संपला.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
काकू, इतकं सोपं नाही, नोटीस पूर्ण 3 लाखांची आहे. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने दशरथभाई पटेल प्रकरणात म्हटलंय की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा टाकला, तर त्या दिवशी तेवढं देणं नव्हतं, म्हणून 138 लागत नाही. पण ट्रान्स्फर याच उसन्याचे होते हे दाखवावं लागेल. समोरचा म्हणेल ते दुसऱ्याच व्यवहाराचे. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि वकिलाकडून लेखी उत्तर द्या. उरलेले आत्ता भरायचे की नाही ते वकिलालाच ठरवू दे.

वाडेकरी_वैताग:
उत्तर दिलं की आपण अडकतो, माझं अजूनही तेच मत. पोलीस येतात घरी.

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
138 मध्ये पोलीस तक्रार नोंदवून घेऊन उचलत नाहीत, ती थेट मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि गुन्हा जामीनपात्र आहे. 'प्रॉसिक्यूट' वाचून बाबा घाबरले असतील तर हे सांगा. शिक्षा मात्र दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही लपवू नका.

वैतागलेला_मुलगा:
खूप आभार. आता आकडे टाकून, शब्द तसेच ठेवून वाचून दाखवलं, पहिल्यांदाच बाबा शांतपणे ऐकत होते. परिच्छेद 2 ला थांबवलं मला, म्हणाले चेकवर ही तारीख मी टाकलीच नव्हती, फक्त सही करून दिला होता, रक्कमही त्यानेच लिहिली. मग तर चेकच खोटा ना??

कोर्टातला_कारकून_निवृत्त:
नाही. सही त्यांची आहे ना? कोरा चेक सही करून स्वतःहून दिला असेल तर दुसऱ्याने रक्कम-तारीख भरली एवढ्यावर सुटका होत नाही. पण वकिलाला हे पहिल्या वाक्यात सांगा, आम्हाला सांगितलंत तसं एकोणिसाव्या प्रतिसादात नाही.