मदत हवी आहे: पॅकिंग लिस्टमध्ये 29 सीबीएम, कंटेनर 33 चा, तरी माल बसेल का?

रबाळेकर
आमचं रबाळे एमआयडीसीत पाइप फिटिंग्जचं छोटं युनिट आहे. न्हावा शेव्याहून एक 20 फुटी कंटेनर जायचा आहे. पॅकिंग लिस्ट अशी: 22 पॅलेटं, प्रत्येकी 120 × 100 × 110 सेंमी, वजन 980 किलो. म्हणजे एकाचे 1.32 सीबीएम, म्हणजेच घनमीटर, एकूण 29.04. एकूण वजन 21,560 किलो. लाइनच्या कागदावर क्षमता साधारण 33 सीबीएम आणि 28 टन दिली आहे. दोन्ही आकडे आत आहेत. साहेब म्हणतात बुकिंग पक्कं करा. माझं मन मात्र मानत नाही. अजून काय तपासू?

पांचपाखाडी
चार सीबीएम मोकळे, वजनातही सहा टनांवर शिल्लक. बिनधास्त बुक करा. फक्त कंटेनरच्या दारावरच्या प्लेटवर पेलोड वाचून घ्या, प्रत्येक डब्याचा थोडा वेगळा असतो.

लोणचेवाली ठाणे
आम्ही मुलीला कुरिअरने लोणची पाठवतो तेव्हा सेंटीमीटरमध्ये लांबी × रुंदी × उंची करून 5000 ने भागतात. तुमचं वजन त्या हिशोबाने जास्त निघत नाही ना?

द्रोणागिरी मुकादम
ताई, तो कुरिअरचा भाडं लावायचा हिशोब. इथे अख्खा डबा घेतलाय, तो भागाकार लागत नाही.

रबाळेकर, पांचपाखाडीकरांचं प्लेटचं बरोबर आहे, पण घनमीटर मोजून पॅलेटं बसत नाहीत. पाणी असतं तर बसलं असतं. डबा आतून साधारण 5.89 मीटर लांब, 2.35 रुंद. सगळी पॅलेटं एकाच दिशेने लावली तर रुंदीत दोन, लांबीत चार, म्हणजे आठ. आमची पोरं चार पॅलेटं गोल फिरवून लावतात, एक आडवं एक उभं, त्यांचा 2.20 × 2.20 चा चौक होतो. असे दोन चौक मिळून 4.40 मीटर, मागे दोन सरळ, त्यांचे 1.20. झाले 5.60. म्हणजे जमिनीवर दहा. दोन थर केले तरी वीस. तुमची बावीस. दोन बाहेर राहतात, सीबीएम काहीही म्हणो.

आता एक सांगा, त्या 110 मध्ये खालचं लाकडी पॅलेट धरलंय का?

रबाळेकर
आत्ता टेप घेऊन मोजून आलो. पॅकिंगवाल्यांनी फक्त खोक्यांची उंची लिहिली होती. खालचं लाकूड 14 सेंमी, म्हणजे उंची 124. वजनातही लाकूड नव्हतं, पॅलेटमागे 22 किलो वाढतात. एकूण 22,044 किलो. आणि गंमत बघा, नवीन सीबीएम 32.74 येतात. अजूनही 33 च्या आत!

द्रोणागिरी मुकादम
तेच म्हणतोय. दोन थरांचे 2.48 मीटर. साध्या डब्याची आतली उंची 2.39, आणि दार त्याहून बुटकं, 2.28 च्या आसपास. फोर्कलिफ्टला वरचं पॅलेट उचलून ठेवायला वर थोडी जागाही लागते. म्हणजे दुसरा थर गेला, उरली दहा. कागदावर सगळं बसतंय आणि बारा पॅलेटं यार्डात उभी.

40 फुटी हाय क्यूब घ्या. आत उंची 2.69, दार 2.58. जमिनीवर एकवीस बसतात, बाविसावं एकाच्या डोक्यावर. मात्र पॅकिंगवाल्यांना आधी विचारा: खालची खोकी एक टन सोसतील का? पावसाळ्यात कोरुगेटेड खोकं ओल धरतं आणि नरम पडतं. नसेल सोसत तर बाविसावं फोडून त्याची खोकी बाकीच्यांवर चढवा, वर भरपूर जागा आहे.

पांचपाखाडी
हे फिरवून लावायचं डोक्यात नव्हतं. पण 40 फुटीचं भाडं बघता, पॅलेटं काढून खोकी हाताने रचली तर? 29 सीबीएम 20 फुटीत जातील की.

द्रोणागिरी मुकादम
जाऊ शकतील, खोक्याचं माप रुंदीला बसलं तर. पण मग मजुरी वाढते, आणि तिकडे उतरवणाऱ्याला फोर्कलिफ्टने काढता येत नाही. ऑर्डरमध्ये पॅलेट लिहिलं असेल तर आधी खरेदीदाराची लेखी हो घ्या.

काहीही ठरवा, व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन, मात्र नव्या वजनावर भरा. जुलै 2016 पासून त्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही. पॅलेटांसकट मालाचं 22,044, त्यात टेकूचं लाकूड आणि प्लेटवरचा टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. आणि ट्रेलरच्या आरसीवरची मर्यादा वेगळी बघा. डब्याला चालतं ते रस्त्याला चालेलच असं नाही.

रबाळेकर
खोकं 40 × 30 × 22 सेंमी आहे, पॅलेटवर पाच थर. खरेदीदाराला मेल टाकलाय, साहेबांना 40 फुटीचं भाडं विचारायला सांगितलंय. आणि ट्रेलरचं: गाडी आमचा कस्टम्सचा एजंट, सीएचए, ठरवतो, तर आरसी मी मागायची की त्यानेच बघायची? इथे कोणाचा तसा रिवाज आहे?