मदत हवी आहे: बाहेरच्या माळांचा जोड पावसात ओला होतोय

अंगणातल्या दिव्यांच्या माळा पाऊस पडला की आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पाडतात. काल मेन बंद करून दोन माळांमधला जोड उघडला. मी त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली होती. ती सोडवताच आतून चमचाभर पाणी गळलं आणि पिना हिरव्या पडलेल्या. म्हणजे पट्टीने पाणी अडवलं नाही, आत कोंडून ठेवलं! वायर वरून उतरत थेट जोडात शिरते, त्यामुळे थेंब तिच्यावरूनच ओघळत आत जातात.

खराब प्लग बदलला. भिंतीजवळचा जोड आता जमिनीपासून दोनेक फूट वर हुकाला टांगलाय. दोन्ही बाजूंच्या वायरी जोडाच्या वीतभर खाली झोळ देऊन मग वर नेल्यात, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. वर बाहेर वापरायची प्लास्टिकची डबी आहे, वायरी खालून आत जातात.

अडलंय ते दुसऱ्या जोडाशी. तो दोन खांबांच्या मधोमध येतो आणि माळेच्या वजनाने नेमका तोच सगळ्यात खाली लोंबतो. खांबांमध्ये वेगळी दोरी ताणून जोड तिला वर बांधला, तर डबीचं वजन पेलेल का? की माळ सरकवून जोड खांबापाशीच आणू? त्यात एका टोकाला माळ कमी पडते. आणि डबीत दमटपणा साचू नये म्हणून तळाला बारीक भोक ठेवता का तुम्ही, की पूर्ण बंद करता?